आजीचा चहा आणि लंडनची दुकानं

आई आणि आजी उन्हाळ्यात माझ्याकडे वेम्बलीला राहायला आल्या, तेव्हा आजीच्या बॅगेत सपट परिवार चहाचं अर्धा किलोचं पाकीट होतं. पंचवटीतल्या आमच्या घरात मला आठवतंय तेव्हापासून हाच चहा आहे. आजीच्या पिढीला सपट हे नाव चहाच्याही आधी नायट्यावरच्या औषधामुळे माहीत होतं. मूळ नाव नाशिकचं, त्यामुळे ते घरचंच वाटायचं. तिच्या हिशेबाने अर्धा किलो दोघींना परत जाईपर्यंत पुरणार होता. पण आजी आलीय हे कळल्यावर आजूबाजूची मराठी आणि गुजराती मंडळी भेटायला येऊ लागली. आलेल्या माणसाला चहाशिवाय ती उठू देत नाही. जाण्याला अजून बरेच आठवडे असताना पाकिटाचा तळ दिसू लागला.

आईला कुठलाही चहा चालतो. आजीला चालत नाही, आणि त्यात नखरा काही नाही. दिवसातून दोनदा, पहाटे आणि चारच्या सुमाराला, एवढीच तिची स्वतःसाठीची गोष्ट. बाकी सगळं ती इतरांसाठी करते. म्हणून मी ठरवलं की तिचा चहा लंडनमध्ये शोधायचा.

पहिला आठवडा नुसतं नाव विचारण्यात गेला. आमच्या जवळचा ईलिंग रोड म्हणजे अल्परटन स्टेशनापासून वेम्बली सेंट्रलपर्यंत गुजराती दुकानांची रांग. भाजी, फरसाण, सोनं, साड्या, सगळं एका रस्त्यावर. किराणा दुकानांत चहाची अख्खी भिंत असते. वाघ बकरी, सोसायटी, गिरनार, रेड लेबल, ताजमहल, सगळे होते. सपट मात्र कोणाकडे नव्हता. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "भाई, इथं माल गुजरात आणि मुंबईच्या हिशेबाने येतो. नाशिकचं गिऱ्हाईक किती?" त्याचं बरोबर होतं. कंटेनर मागवणारा घाऊक व्यापारी खपेल तेच मागवतो. एका जिल्ह्यातल्या लोकांच्या सवयीसाठी तो पेट्या अडकवून ठेवत नाही.

म्हणून मी सोसायटीचं आणि वाघ बकरीचं एकेक पाकीट घरी आणलं. दोन्ही चांगले चहा आहेत, आणि आजीही तसंच म्हणाली. पण कप अर्धा ठेवून म्हणाली, "चहा वाईट नाही रे. उतरत नाहीये."

हे "उतरत नाहीये" मी नीट समजून घेतलं, आणि तिथून शोधाची दिशा बदलली.

आजीची पद्धत अशी. पातेल्यात पाणी, साखर आणि ठेचलेलं आलं घालून खळखळून उकळी आणायची. मग चहापूड टाकायची आणि लगेच गॅस बंद करून झाकण ठेवायचं. तीनेक मिनिटं मुरू द्यायचं. दूध शेजारच्या शेगडीवर वेगळं तापवायचं आणि गाळताना वर ओतायचं. चहापूड ती उकळत नाही, कारण उकळली की तोंडाला तुरटपणा धरतो असं तिचं म्हणणं. ईलिंग रोडवरच्या घरांत मात्र पाणी, दूध, मसाला आणि चहा एकत्र दहा मिनिटं उकळत राहतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बेन तसाच करतात आणि उत्तम करतात.

आता मी आजीच्या पाकिटाच्या तळाशी उरलेली पूड पांढऱ्या कागदावर पसरली आणि शेजारी वाघ बकरीचा चमचाभर चहा ओतला. फरक डोळ्यांनी दिसत होता. आजीच्या चहाचा दाणा रव्यापेक्षाही बारीक, काळसर, आणि मध्ये मध्ये अगदी भुकटी. दुसरा मोहरीएवढा गोल, ज्याला व्यापारात ममरी म्हणतात. दोन्ही सीटीसीच, म्हणजे पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून आणि वळवून केलेला चहा. हे यंत्र आसाममध्ये 1930 च्या सुमाराला आलं आणि आज आपण पितो तो बहुतेक चहा त्यातूनच निघतो. कारखान्यात शेवटी सगळा माल वेगवेगळ्या चाळण्यांवरून जातो. वर राहतो तो मोठा दाणा, खाली पडतो तो बारीक, आणि सगळ्यांत खालचा तो डस्ट. डस्ट नावाने केरकचरा वाटतो, पण चहा तोच, फक्त दाणा लहान. लहान दाण्याचा जास्त भाग पाण्याला भिडतो, म्हणून रंग आणि कडकपणा चटकन उतरतो. मोठ्या दाण्याला वेळ आणि उकळी लागते.

म्हणजे अडचण अशी होती की दुकानांतला चहा दहा मिनिटं उकळणाऱ्यांसाठी होता आणि आजी तीन मिनिटं मुरवत होती. तिचा दाणा तिच्या पद्धतीला जुळलेला होता. पंचवटीतल्या आमच्या वाण्याला मी फोन केला, तर तो म्हणाला, "आजी कायम बारीकच नेतात. एकदा मोठा दाणा दिला होता, दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या."

आता दुकानात मी नावाऐवजी दाणा विचारू लागलो. पाकीट बंद असताना दाणा कसा ओळखायचा, हेही हळूहळू जमलं. पाकीट कानाशी धरून हलवलं की ममरी खडखडते, बारीक चहा वाळूसारखा सरकतो. पाकिटावर लीफ लिहिलं असेल तर मोठा आणि डस्ट लिहिलं असेल तर बारीक, पण कित्येकांवर दोन्ही नसतं. तारीख मात्र मी आधी बघायचो. चहा नासत नाही, पण जुना झाला की वास जातो आणि कप नुसता कडू लागतो. एका दुकानात बारीक दाण्याचं एक पाकीट मिळालं, तारीखही पुढची होती. मी आनंदाने घरी आणलं. आजीने कात्रीने कोपरा कापला, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे दिलं. अगरबत्तीचा वास येत होता. मला आठवलं, ते पाकीट पूजेच्या सामानाच्या फळीखाली होतं. चहा आजूबाजूचा वास असा ओढून घेतो की पातळ प्लॅस्टिकचं पाकीट त्याला अडवू शकत नाही. त्यानंतर चहा कुठल्या फळीवर ठेवलाय हे मी कायम बघतो. मसाले, साबण किंवा उदबत्ती शेजारी असेल, किंवा पाकीट खिडकीच्या उन्हात असेल, तर घेत नाही.

डस्ट कुठे मिळेल, हे मला ऑफिसमधल्या एका तमिळ मित्राने सांगितलं. दक्षिणेत डस्ट चहाच जास्त चालतो, म्हणून टूटिंगला जा. टूटिंग म्हणजे नदीपलीकडचं दक्षिण लंडन, तिथे श्रीलंकेच्या आणि तमिळ लोकांच्या दुकानांची रांग. आणि खरंच, तिथे फळीवर कण्णन देवन होता, थ्री रोझेस होता, एव्हीटी होता. पाकीट हलवलं तर वाळूचा आवाज. दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मला चहा कसा करता असं विचारलं. मी आजीची पद्धत सांगितली. ते म्हणाले, "मग हाच हवा. आम्हीही असाच करतो, वेगळं गरम दूध घालून."

घरी येऊन केला. रंग तीन मिनिटांत उतरला, अगदी हवा तसा. आजी प्यायली आणि म्हणाली, "वास छान आहे. पण अंगात नाही." हेही पटलं. मुन्नारचा आणि निलगिरीचा चहा डोंगरावरचा. तो मोकळा आणि सुगंधी असतो. आसामचा चहा ब्रह्मपुत्रेच्या सखल खोऱ्यातला, दाट आणि भरलेल्या चवीचा. आजीच्या जिभेवर तो दाटपणा बसलेला. ईलिंग रोडवर आसामची चव होती पण दाणा मोठा. टूटिंगला दाणा होता पण चव डोंगराची.

मग आजीनेच हातात घेतलं. ममरी चहा तिने दोन कागदांच्या मध्ये पसरला आणि वरून लाटणं फिरवलं. मी मिक्सर काढत होतो, तर तिने थांबवलं. मिक्सरमध्ये पीठ होतं, ते गाळणीतून खाली जातं आणि कपाच्या तळाशी गाळ साचतो. लाटण्याने दाणा फुटतो, पीठ होत नाही. मग पिठाच्या चाळणीतून चाळलं. खाली पडलेला चहा बऱ्यापैकी बारीक होता, वर राहिलेला आईच्या डब्यात गेला. या चाळलेल्या चहाने दाटपणा आला. रंग मात्र अजून मातकट होता. आजीला तांबूस हवा.

तो तांबूसपणा ईलिंग रोडच्याच एका कोपऱ्यावरच्या दुकानात सापडला. दुकानदार काका सत्तरीचे, जन्म केनियातल्या किसुमूचा. 1960 च्या दशकाच्या शेवटी केनियातून जी गुजराती कुटुंबं ब्रिटनला आली, त्यांच्यातलं हे एक. मी आजीच्या चहाचा कागद त्यांच्यापुढे उलगडला. चिमूटभर पूड त्यांनी तळहातावर घेतली, बोटाने पसरली, हुंगली. म्हणाले, "आसाम छे. पण झीणी." झीणी म्हणजे बारीक. मग खालच्या फळीवरून केटेपाचं पाकीट काढलं. केटेपा म्हणजे केनियातल्या केरिचोचा चहा. केनियाचा जवळजवळ सगळा चहा सीटीसी असतो आणि तिथून निघणारा मुख्य दाणा लहानच असतो, ज्याला व्यापारात पीएफ वन म्हणतात. विषुववृत्तावर वर्षभर पाऊस असल्याने पानं बाराही महिने खुडतात, आणि चहाचा रंग लखलखीत तांबूस येतो. काका म्हणाले, "माझी आई भारतातून आली तरी शेवटपर्यंत हाच प्यायली. नुसता पिऊ नका, तुमच्या आसाममध्ये घाला."

हा सल्ला मला फार मोलाचा वाटला, कारण चहाच्या कंपन्या हेच करतात. रोजच्या चहाच्या पाकिटात सहसा एकाच बागेचा चहा नसतो. गुवाहाटीच्या लिलाव केंद्रातून आणि इतर ठिकाणांहून आठवड्याला घेतलेले कितीतरी ढीग चाखून मिसळले जातात. पावसाळ्यातलं पान वेगळं, त्याआधीचं वेगळं, तरीही पाकिटाची चव तीच राहावी यासाठी चाखणारा माणूस प्रत्येक वेळी प्रमाण बदलतो. आजीला जो चहा कायम एकच वाटत आला, तो कुणीतरी दर वेळी नव्याने जुळवत होता. इथे ते काम आम्ही ओट्यावर करू लागलो. लाटून चाळलेला आसाम दोन चमचे आणि केटेपा एक चमचा, हे प्रमाण शेवटी ठरलं. अर्धं-अर्धं केलं तर रंग सुंदर येतो, पण जिभेला टोचतो.

तरीही आजी कपात बघून गप्प राहायची. एका संध्याकाळी ती मला खिडकीपाशी घेऊन गेली आणि कप तिरका धरला. वर पातळ, तेलकट दिसणारा पापुद्रा होता. साय नव्हती ती. चमच्याने ढकलला की तुकडे होऊन कपाच्या कडेला चिकटायचा. ती म्हणाली, "मी आले त्या दिवशीही हा होता. आपल्याच चहावर. तू म्हणशील आजीला नवीन जागा मानवत नाही, म्हणून बोलले नाही."

हे ऐकून मी केटलीचं झाकण उघडलं. आत पांढरा, खरखरीत थर. पंचवटीच्या आमच्या पातेल्याला असा थर कधी धरलेला मी पाहिला नाही. नाशिक शहराला गंगापूर धरणाचं पाणी येतं. लंडनचं पाणी थेम्स आणि ली या नद्यांचं, आणि खडूच्या खडकातून झिरपलेलं. त्यात चुना भरपूर. लंडनच्याच इंपीरियल कॉलेजमधल्या स्पिरो आणि जगान्यी या दोघांनी याच पापुद्र्यावर काम केलं होतं आणि 1993 मध्ये ते नेचरमध्ये छापून आलं. त्यांच्या कामाचा गाभा असा की पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही असतील तर चहातली द्रव्यं हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर हा थर धरतो. मऊ पाण्यात तो धरत नाही. लिंबू पिळलं तरी धरत नाही, पण आजीच्या चहात लिंबू शक्यच नव्हतं. चुन्याच्या पाण्यात चहाचा रंगही काळपट होतो. आमचा मातकट रंग थोडा चहाचा होता आणि पुष्कळसा पाण्याचा.

आता काय करायचं ते सोपं होतं. मी गाळणीचा जग आणला, ज्यात पाणी मऊ करणारं काडतूस असतं. ते काडतूस महिन्याभराने बदलावं लागतं. बदलायची वेळ झाली की नाही हे आजी बघायची. कपावर पापुद्रा परत दिसला की ती मला काडतूस बदलायला सांगायची. पहिल्याच दिवशी जगमधल्या पाण्याचा चहा आणि नळाच्या पाण्याचा चहा शेजारी शेजारी ठेवले. चहा तोच, प्रमाण तेच. एक तांबूस आणि स्वच्छ, दुसरा तपकिरी. आईसुद्धा, जिला कुठलाही चालतो, तांबूस कपाकडे वळली.

दुधाचं फार बोलायला नको. घरी आमच्याकडे म्हशीचं दूध, सहा-सात टक्के स्निग्धांशाचं. इथल्या निळ्या झाकणाच्या पूर्ण दुधात त्याच्या जेमतेम निम्मा. मोठ्या दुकानांत जर्सी गायींचं सोनेरी झाकणाचं दूध मिळतं, साधारण पाच टक्क्यांचं. ते आजीला पटलं. त्याने चहाला अंग आलं.

इतकं झाल्यावर आजीचा निकाल असा होता. रंग आला, कडकपणा आला, दाटपणा बराचसा आला. वास आला नाही. मी त्यावर अजून खटपट करणार होतो, निराळ्या आसाम चहांची नावं लिहून ठेवली होती. पण मला वाटतं वास हा त्या नेमक्या मिश्रणाचा असतो. तो दोन पाकिटांच्या बेरजेत मिळत नाही. रंग आणि कडकपणा दाण्यावर, पाण्यावर, वेळेवर अवलंबून, म्हणून ते स्वयंपाकघरात जुळवता येतात. वासाचं तसं नाही.

तो चहा शेवटी दुकानातून आलाच नाही. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. हे मंडळ 1932 सालचं. तिथे एका कार्यक्रमाला आजीला घेऊन गेलो होतो. चहाच्या रांगेत तिने शेजारच्या काकूंना सहज सांगितलं की नाशिकचा चहा इथे मिळत नाही. काकू म्हणाल्या, "दुकानात कशाला शोधताय? माझ्या जावेची मुलगी नाशिकरोडहून येतेय पुढच्या शुक्रवारी. कुठला हवा, नीट सांगा." आजीने नीट सांगितलं. नाव सांगितलं, दाणा बारीक सांगितला, आणि पंचवटीतल्या आमच्याच वाण्याकडून घ्यायचा हेही सांगितलं.

मुलगी अर्धा किलो घेऊन आली. आजीने जगमधलं पाणी, सोनेरी झाकणाचं दूध आणि तिचा चहा असा केला. झाकण काढल्याबरोबर स्वयंपाकघरात जो वास आला, तो मला ओळखीचा होता. शाळेत जाण्याआधीचा. आजीने कप संपवला आणि म्हणाली, "हा." मग लगेच म्हणाली, "तो आपला मिसळलेला चहाही ठेव. दुपारी चालेल. हा सकाळचा."

तसंच झालं. सकाळी सपट, चारला आमचं मिश्रण. केटेपाचं पाकीट संपलं तेव्हा किसुमूच्या काकांकडे आजी स्वतः आली, काठी टेकत, आणि त्यांना चिमूटभर सपट कागदात बांधून दिला, करून बघा म्हणून. अर्ध्या किलोतला पाव किलो तिने मंडळातल्या काकूंना काढून दिला. मी म्हटलं, "आजी, तुलाच पुरायचा नाही." ती डबा झाकत म्हणाली, "त्यांनी आणवला ना. आणि मोजलाय मी, जाईपर्यंत पुरतो." काकूंनी पाकीट घेताना विचारलं, "दिवाळीला आमचे दीर येतायत. या मुलासाठी सांगू का एक किलो?" आजीने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "सांगा. बारीक दाणाच सांगा."